ग्वाल्हेरच्या थंडीसाठी थर्मल आणि मोजे : मेरिनो, कॉटन की सिंथेटिक?

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो, सकाळी साडेसहाला स्कूटरने मालनपूरच्या कारखान्यात जातो. कॉटनचं जाड इनर आहे, तरी सकाळी कुडकुडतो, दुपारी कामावर घाम येतो आणि संध्याकाळी परतताना पुन्हा थंडी वाजते. बुटात दोन-दोन मोजे घालूनही पायाची बोटं बधिर होतात. आईचं वय 72, ती घरीच असते, तिला लोकर टोचते. सगळं मिळून 6,000 रुपये खर्च करायचे आहेत. मेरिनो घेऊ का सिंथेटिक?

उत्तर : या रकमेत मेरिनो घ्या, पण पायांसाठी. अंगात पातळ सिंथेटिक घ्या आणि आईंना कॉटनच राहू द्या. दुकानदार याच्या उलट सांगेल, म्हणजे मेरिनोचं इनर दाखवेल आणि मोजे कुठलेही चालतील म्हणेल. तुमची दिनचर्या पाहता ते बरोबर ठरणार नाही. का, ते नीट सांगतो.

आधी तुमचं सध्याचं इनर थंड का पडतं ते पाहू, कारण सकाळचं कारण वेगळं आहे आणि संध्याकाळचं वेगळं. ऊब कापड देत नाही. कापडाच्या धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा देते. त्या हवेच्या जागी पाणी आलं की ऊब संपते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं. कापूस पाण्याचा लोभी आहे. साधारण कोरड्या हवेतही त्याच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा त्याच्यात असतोच. डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरतं तेव्हा हवा ओलाव्यानं भरलेली असते आणि दोरीवरचं सुती इनर हाताला कोरडं लागलं तरी वजनाच्या जवळजवळ पाचव्या भागाइतका ओलावा धरून असतं. 400 ग्रॅमचा जोड असेल तर नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी तुम्ही अंगावर चढवता. पहाटे घातल्याबरोबर जो गारठा जाणवतो तो यातलाच. अंग तापून तो ओलावा निघून जायच्या आत तुम्ही गाडीवर बसलेले असता.

गाडीवर दुसरी गोष्ट घडते. 6 अंश तापमानात ताशी 40 किलोमीटरनं चालवलं तर उघड्या त्वचेला सुमारे 1 अंशाच्या थंडीसारखं जाणवतं. वारा विणलेल्या कापडातून आरपार जातो, कारण विणकाम म्हणजे भोकांची जाळीच असते. इनर कितीही जाड घेतलं, लोकरीचं घेतलं, तरी वाऱ्यापुढे ते उघडंच आहे. स्वेटरचंही तेच. वारा सगळ्यात बाहेरच्या कपड्यानं अडवायचा असतो. त्यासाठी नवीन काही घ्यायची गरज नाही. पावसाळ्यातला रेनसूट ट्रंकेतून काढा. त्याची पँट रोजच्या पँटवर चढवा आणि त्याचं जॅकेट स्वेटरवर घाला. रेनसूटमधून घाम बाहेर पडत नाही हे खरं, पण गाडीवर बसून घाम येतच नाही, त्यामुळे पाऊण तासाच्या प्रवासाला तो उत्तम आहे. कारखान्यात पोचलात की काढून डिक्कीत ठेवा. गुडघे आणि मांड्या समोरून वारा खातात. तिथला फरक पहिल्याच दिवशी कळेल.

संध्याकाळची थंडी मात्र इनरच्या धाग्यामुळेच आहे. दुपारी ऊन चढतं, तुम्ही काम करत असता, घाम येतो आणि सुती इनर तो सगळा पितं. कापसाचा धागा ओला झाला की लवचीकपणा सोडतो, कापड त्वचेला चिकटतं आणि हवेचा थर उरत नाही. साडेपाच-सहाला ते इनर काखेत, पाठीवर आणि पट्ट्याच्या जागी ओलंच असतं आणि तसंच तुम्ही गाडीवर बसता. जाड इनर असेल तर आणखी वाईट, कारण ते जास्त पाणी धरतं आणि उशिरा वाळतं. ज्यांना सकाळी थंडी आणि दुपारी घाम आहे त्यांनी जाड कॉटन इनर घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन.

आता तिन्ही धागे पाण्याशी कसे वागतात तेवढं लक्षात ठेवा. कापसाचं सांगितलं. पॉलिएस्टर स्वतः जवळजवळ पाणी घेतच नाही, अर्धा टक्काही नाही. घाम धाग्यात न शिरता धाग्यांमधल्या फटींतून पसरतो, बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथून उडून जातो. म्हणून ते धुतल्यावर धुक्यातही रात्रीत घरातल्या घरात वाळतं आणि संध्याकाळी अंगावर कोरडं राहतं. लोकरीची तऱ्हा तिसरी आहे, आणि मेरिनो ही लोकरच. तिचा धागा वाफेच्या रूपात आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा आत घेतो आणि तरी वरून ओला लागत नाही, कारण पाणी धाग्याच्या आत बसतं, त्वचेशी लागत नाही. शिवाय ओलावा शोषताना लोकर थोडी उष्णता सोडते. बंद जागेत, जिथे घाम सतत येतो आणि हवा खेळत नाही, तिथे हा गुण सोन्यासारखा आहे. बूट ही नेमकी तशी जागा आहे.

अंगासाठी मेरिनो वाईट नाही, उलट फार छान असतं. पण ते तुम्हाला आत्ता न घ्यायला सांगण्याची कारणं व्यवहाराची आहेत. चांगल्या मेरिनोच्या एका वरच्या इनरच्या पैशांत साधारण तीन-चार साधी सिंथेटिक इनरं येतात. पातळ मेरिनो नाजूक असतं. पाठीवर बॅग असेल तर खांद्यावर, आणि काखेत व कोपराला, एक-दोन हंगामांत विरतं. धुताना सांभाळावं लागतं. कारखान्यात तेल, काळं, घासाघीस हे आलंच. मेरिनोचा अंगावरचा मोठा फायदा म्हणजे वास धरत नाही, तीन-चार दिवस न धुता घालता येतं. प्रवासाला, डोंगरात, जिथे धुणं शक्य नाही तिथे त्याची किंमत वसूल होते. रोज घरी येणाऱ्या माणसाला तो फायदा तितका नाही.

तरीही कधी मेरिनोचं इनर घ्यायचं झालं तर दोन आकडे पाहा. पहिला धाग्याची जाडी, ती मायक्रॉनमध्ये लिहिलेली असते. अंगाला लागून घालायचं तर 19 किंवा त्याखाली हवी. लोकर टोचते ती ॲलर्जीमुळे, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण बहुधा धाग्याची जाडी असते. 30 मायक्रॉनपेक्षा जाड धाग्याचं टोक त्वचेला लागलं की वाकत नाही, टोचतं. शंभरात पाच-सहा धागे असे असले तरी कापड खाजरं वाटतं. तुमच्या आईंना टोचली ती लोकर बहुधा अशी जाड असणार. दुसरा आकडा कापडाच्या वजनाचा, तो जीएसएममध्ये असतो, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ग्वाल्हेरसाठी 150 ते 180 पुरे. 250 हे बर्फाळ प्रदेशाचं कापड आहे, इथे दुपारी अंगावर सहन होणार नाही.

तुम्ही सिंथेटिक घेताना काय बघायचं ते आता. आतून हलकी लव काढलेलं, बाहेरून गुळगुळीत, हातात घेतल्यावर हलकं वाटणारं कापड घ्या. पॉलिएस्टरसोबत 5 ते 8 टक्के इलॅस्टेन असावं, म्हणजे कोपर-गुडघ्याला ताणून पुन्हा जागेवर येतं. दुकानातच बाहीचा काठ दुप्पट ताणून सोडा. लगेच मूळ मापाला आला नाही, लाटा पडल्या, तर तो जोड महिन्याभरात लोंबेल. मग कापड उजेडासमोर धरून किंचित ताणा. सगळीकडे उजेड सारखा आला पाहिजे. कुठे दाट आणि कुठे विरळ दिसलं तर विणकाम कच्चं आहे.

माप हा बहुतेकांच्या चुकीचा मुद्दा आहे. थर्मल 'घट्ट म्हणजे गरम' नसतं. ते अंगाला सगळीकडे टेकलं पाहिजे, पण दाबलं नाही पाहिजे. ढिलं असेल तर हालचाल केली की आतली ऊबदार हवा गळ्यातून निघून जाते. फार घट्ट असेल तर कापडाची लव चेपते, हवेचा थर जातो आणि रक्तप्रवाहालाही अडचण होते. घालून दोन्ही हात पुढे करा, जसे स्कूटरचं हँडल धरता, आणि थोडं वाका. पाठीचा खालचा भाग उघडा पडता कामा नये. म्हणून लांबी कमरेच्या खाली किमान चार बोटं, शक्यतो वीतभर असावी, म्हणजे पायजम्यात खोचता येईल. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी.

लेबलचा एक इशारा द्यायलाच हवा. हिवाळ्यात दौलतगंजात, बाड्याच्या आसपास किंवा तिबेटी बाजारात 'वूल टच', 'मेरिनो फील', 'वूलन' असं लिहिलेला बराच माल दिसतो. त्यातला पुष्कळसा ॲक्रिलिकचा असतो. ॲक्रिलिक दिसायला आणि हाताला लोकरीसारखंच असतं, कोरडं असताना ऊबही देतं, स्वस्त असतं. घरात घालायच्या स्वेटरला त्यात काही वाईट नाही. पण लोकरीचा ओलावा पिण्याचा गुण त्याच्यात नाही, म्हणून मेरिनोचा भाव देऊन ते घेऊ नका. शब्द सोडा, टक्केवारी शोधा. लेबलवर '60 टक्के मेरिनो, 37 टक्के नायलॉन, 3 टक्के इलॅस्टेन' अशी स्पष्ट ओळ हवी. नुसतं 'वूल ब्लेंड' लिहिलेलं म्हणजे काहीही असू शकतं, अगदी 5 टक्केसुद्धा.

घरी आल्यावर शंका असेल तर एक धागा जाळून पाहा. शिवणीचा धागा घेऊ नका, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो आणि फसाल. आतल्या बाजूने कापडाचाच एक धागा सुईनं ओढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राख बोटानं चुरा होते. कापूस कागदासारखा जळतो, राखाडी हलकी राख होते. पॉलिएस्टर आणि ॲक्रिलिक वितळतात आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो, तो चुरत नाही. मिश्र धागा असेल तर केसांचा वासही येईल आणि मणीही उरेल. किती टक्के आहे ते यावरून कळत नाही, पण लोकर मुळात आहे की नाही ते कळतं.

आता पायांकडे येऊ, कारण तुमचा खरा त्रास तिथे आहे. तुमचे दोन मोजे थंडीचा उपाय नसून थंडीचं कारण आहेत. बुटाच्या आत जागा ठरलेली असते. त्यात दुसरा मोजा कोंबला की दोन्ही चेपले जातात, हवा निघून जाते, बोटं हलत नाहीत आणि वरून बोटांकडे जाणाऱ्या रक्ताला वाट अरुंद होते. पायाला ऊब प्रामुख्यानं रक्तच पोचवतं. ते कमी पोचलं की बोटं आधी गार आणि मग बधिर होतात. त्यात कारखान्याचे सेफ्टी बूट असतील तर पुढची स्टीलची टोपी ताणतच नाही, म्हणजे जागा आणखी कमी. तपासायला सोपं आहे. एकाच मोज्यावर बूट घालून नेहमीसारखी नाडी बांधा आणि बोटं वर-खाली हलवा. मोकळी हलली पाहिजेत. हे संध्याकाळी करून पाहा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात.

म्हणून एकच मोजा घाला, पण चांगला. मेरिनो 50 ते 70 टक्के, उरलेलं बहुतेक नायलॉन, आणि 2 ते 4 टक्के इलॅस्टेन. शंभर टक्के लोकरीचा मोजा जास्त चांगला असणार, हा समज सोडा. त्याला टाचेला आणि अंगठ्याला लवकर भोक पडतं. नायलॉन घासण्याला टिकतं, म्हणून ते तिथे हवंच. मोजा उलटा करून पाहा. तळव्याच्या आणि टाचेच्या भागात टॉवेलसारखी फासांची विण हवी. ते फास हवा धरतात आणि वजन पडलं तरी पूर्ण चेपत नाहीत. वरच्या भागात, म्हणजे पावलाच्या पाठीवर, विण पातळ असलेली बरी, तिथे नाडीचा दाब येतो. बोटांवरची शिवण बोटानं चाचपा. दोरीसारखी जाड लागली तर दिवसभर बुटात ती करंगळी सोलेल.

उंची पिंढरीच्या मध्यापर्यंत घ्या. घोट्याचे मोजे गाडीवर निरुपयोगी आहेत, कारण पँटच्या खालून वारा नेमका तिथेच शिरतो. थर्मल पायजम्याचा काठ मोज्याच्या आत घाला आणि मोजा त्यावर सपाट ओढा. काठाची गुंडाळी बुटाच्या तोंडात राहिली तर तिथे दाब बसतो. मोज्याच्या वरच्या इलॅस्टिकचा खोल वळ काढल्यानंतर बराच वेळ राहत असेल तर तो मोजा घट्ट आहे, पुढचं माप घ्या.

सुती मोजे इथे अपयशी का होतात ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. सेफ्टी बुटातून हवा जवळजवळ जात नाही, पाय आठ-नऊ तास घाम सोडत राहतो, तो कापूस पितो आणि संध्याकाळी ओला मोजा घेऊन तुम्ही वाऱ्यात निघता. मेरिनो तोच घाम आत घेऊन पायाला बराच कोरडा ठेवतो. पण त्यालाही मर्यादा आहे. दिवसभराचा घाम भरला की तोही ओला होतो. म्हणून एक सवय लावा : डब्याच्या पिशवीत कोरडा जोड ठेवा आणि सुटी झाल्यावर निघायच्या आधी बदला. परतीच्या वाटेवरची बधिरता सगळ्यात जास्त यानेच कमी होईल, महागड्या मोज्यापेक्षाही जास्त. सकाळचा जोड घरी आल्यावर उलटा करून टांगा.

तळव्याखालचा गारठा वेगळा. स्कूटरच्या फूटबोर्डवर पाय ठेवला की थंडी खालून येते. बुटात जागा असेल तर नमद्याचं पातळ सुखतळं घाला, तीनेक मिलिमीटर पुरे. पण घातल्यावर बोटं हलायची पुन्हा तपासा. ती अडली तर सुखतळं काढून टाका, जागा महत्त्वाची.

एक गोष्ट कपड्यांच्या पलीकडची. मोकळा बूट, कोरडा मोजा, आणि तरी बोटं पांढरी किंवा निळसर पडत असतील, किंवा घरात रजईतही बधिर राहत असतील, तर डॉक्टरांना दाखवा आणि साखर तपासून घ्या. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते आणि मग थंडी, घट्ट शिवण, हीटरचा चटका, काहीच वेळेवर कळत नाही.

आईंचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे. त्या घरात असतात, घाम येत नाही, वारा नाही. अशा माणसाला कापसाचा दोष जाचत नाही, फक्त तो कोरडा असला पाहिजे. त्यांच्यासाठी कॉटन जास्त असलेलं, आतून मऊ लव काढलेलं इनर घ्या. थोडं पॉलिएस्टर असलं तरी हरकत नाही, वाळायला मदतच होते. पूर्ण सिंथेटिक मात्र त्यांना देऊ नका, आणि त्याचं कारण विस्तव आहे. म्हातारी माणसं शेगडीजवळ किंवा कॉइलच्या हीटरजवळ सरकून बसतात, पहाटे गॅससमोर उभी राहतात. ठिणगी किंवा ज्योत लागली तर सिंथेटिक वितळून त्वचेला चिकटतं. कापूसही पेटतो, म्हणून अंतर तर ठेवायलाच हवं, पण वितळलेलं कापड अंगापासून सोडवणं फार कठीण.

पुढून बटणांचं इनर मिळालं तर तेच घ्या. डोक्यावरून घालायच्या घट्ट गळ्याचा त्रास खांदे दुखणाऱ्या माणसालाच कळतो. तीन जोड असावेत, म्हणजे धुक्याच्या आठवड्यात एक अंगात, एक वाळत आणि एक पूर्ण कोरडा. 'कोरडा' ठरवायला गालाला लावून बघा. बोटांपेक्षा गालाला ओलसर गारवा लवकर कळतो. शंका असली तर घालायच्या आधी इस्त्री फिरवा.

लश्करातल्या जुन्या वाड्यांत दगडी फरशी असते आणि ती फेब्रुवारीपर्यंत थंडी सोडत नाही. त्यावर नुसत्या मोज्यांनी चालणं दोन कारणांनी वाईट. ऊब तळव्यातून जाते हे एक, आणि गुळगुळीत फरशीवर मोजा घसरतो हे त्याहून मोठं. त्या वयात पडणं म्हणजे कंबरेचं हाड. आईंना अंगठा वेगळा असलेले मोजे आणा, म्हणजे वरून घरातली चप्पल घालता येईल. ॲक्रिलिकचे असले तरी चालतील, बुटात कोंडायचे नाहीत. इलॅस्टिक सैल असावं. तळाला रबराचे ठिपके असलेले मिळाले तर रात्री उठायला तेच बरे. लोकरीची ऊब हवीच असेल तर सुती इनरवरून लोकरी अर्धी बंडी घालू द्या, त्वचेला लागली नाही की टोचण्याचा प्रश्न नाही.

आता 6,000 ची वाटणी. दुकानागणिक भाव बदलतील, पण प्रमाण हे ठेवा. पहिले 1,800 तुमच्या मेरिनो मिश्र मोज्यांच्या तीन जोड्यांसाठी. तीनच, कारण एक पायात, एक बदलायला, एक धुण्यात. मग 2,000 तुमच्या पातळ सिंथेटिक थर्मलच्या दोन पूर्ण जोडांसाठी. आईंच्या दोन सुती जोडांना आणि दोन मोज्यांना 1,700, तिसरा जोड घरातलाच जुना चालेल. उरलेल्या 500 मध्ये वारा अडवणारे हातमोजे आणि सुखतळं. मोज्यांचा भाव या रकमेत बसला नाही तर दोनच जोड घ्या, पण टक्केवारीत तडजोड करून तीन घेऊ नका. थर्मलमध्ये हात आखडता घेतला तरी चालेल, तिथे साधा मालही काम भागवतो.

सकाळी घालायचा क्रम असा : थर्मल, शर्ट, स्वेटर, त्यावर रेनसूट. पोचल्यावर रेनसूट आणि स्वेटर उतरवा, थर्मल राहू द्या. पातळ असल्यामुळे दुपारी ते जड होणार नाही. जाड इनर घेणाऱ्यांची अडचण हीच असते की दुपारी नेमकं तेच काढता येत नाही. याच्या उलट, रात्री स्थिर बसायचं असेल, जसं तानसेन समारोहाच्या रात्रीच्या सभेला, तर पातळ थर्मल पुरणार नाही. तिथे अंग उष्णता फार कमी तयार करतं, म्हणून वर जाड स्वेटर, शाल आणि खाली बसायला जाड आसन हवं.

धुण्यात बहुतेक जण चांगला माल घालवतात. सिंथेटिक थर्मल उलटं करून थंड पाण्यात धुवा. सॉफ्टनर घालू नका. तो धाग्यांवर थर देतो आणि घाम पसरेनासा होतो. पॉलिएस्टर अंगाचं तेल धरतं, म्हणून वास लवकर येतो आणि साठला की जात नाही. रोज धुतलं तर ही वेळ येत नाही. वास बसलाच तर धुण्याआधी अर्धा तास पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवा.

मेरिनो मोज्यांना नेहमीची धुण्याची पावडर लावू नका. ती क्षारीय असते आणि पुष्कळ पावडरींत डाग खाणारी एन्झाइम्स असतात. लोकर हे प्रथिनच आहे, ती एन्झाइम्स तेही खातात. लोकरीसाठीचं द्रव साबण किंवा सौम्य शाम्पूचे थेंब कोमट पाण्यात घ्या. घासू नका, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. लोकरीच्या धाग्यावर खवले असतात. गरम पाणी, क्षार आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून नमद्यासारखा घट्ट होतो. आटलेला मोजा परत पसरत नाही. लेबलवर 'मशीन वॉश' लिहिलेलं असेल तर त्या लोकरीचे खवले प्रक्रियेनं झाकलेले असतात आणि ती मशीनमध्ये चालते, तरी साबण तोच वापरा आणि पाणी 30 अंशांच्या वर नको.

मार्चमध्ये मोजे ट्रंकेत टाकण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा, भले तुम्हाला ते स्वच्छ वाटोत. कसरीच्या अळ्या घामाचा आणि त्वचेचा मळ लागलेली लोकर आधी शोधतात. दिवसभर उन्हात नव्हे तर सावलीत वाळवून घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी ट्रंकेत टाका. कडुनिंबाची पानं ठेवायची असतील तर ती पूर्ण सुकलेली घ्या, ओल्या पानांनी बुरशी येते. ऑक्टोबरमध्ये काढल्यावर उजेडासमोर धरून टाच बघा. विरलेली जागा दिसली तर भोक पडायच्या आतच त्याच रंगाच्या लोकरीच्या धाग्यानं रफू करून घ्या.